कांडी आजची, औषध दोन महिन्यांचं

आधी डॉक्टरांची चिठ्ठी समोर घे. तिच्यावर दोन औषधं आहेत. पहिलं लॅक्ट्युलोज, ते गोड चिकट पातळ औषध, अडीच मिली सकाळ-संध्याकाळ. दुसरी ग्लिसरीनची कांडी, एक ग्रॅमची, आणि तिच्यापुढे 'गरज पडल्यास' असं लिहिलंय. लेकरांच्या वॉर्डात मी इतकी वर्षं काढली, पण या दोन औषधांची अदलाबदल अजून दर आठवड्याला बघते. कांडीनं अर्ध्या तासात शी होते, म्हणून आया ती रोज वापरायला लागतात. लॅक्ट्युलोजनं दोन दिवस काहीच दिसत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी बाटली फडताळात जाते. तुझं तसं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर सांगतेय. पिल्लू झोपलं की निवांत ऐक.

कांडीचं काम फक्त आजचं आहे. खाली, अगदी दाराशी, जो कडक खडा अडकलाय तो बाहेर काढायचा. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, ती जागा ओली आणि निसरडी करतं, आणि आतल्या कातडीला थोडं चाळवतं. त्या चाळवण्यानं आतडं आकसतं आणि शी होते. पण वर आतड्यात जी शी अजून तयार होतेय, तिच्यावर कांडीचा काडीचाही परिणाम होत नाही. ती परवा पुन्हा तितकीच कडक होऊन खाली येणार.

ती मऊ करण्याचं काम लॅक्ट्युलोजचं. ही दुधातल्या साखरेपासून बनवलेली एक साखर आहे, पण आपल्या लहान आतड्याला ती पचवता येत नाही. म्हणून ती तशीच मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जंतू तिला आंबवतात, आम्ल तयार होतं, आणि या सगळ्यामुळे पाणी आतड्यातच धरून ठेवलं जातं. शी ओली राहते आणि तिचा आकारही वाढतो. गंमत अशी की हे रेचक म्हणून शोधलेलंच नाही. ऑस्ट्रियातले पेटुएली आईच्या दुधावरच्या बाळांच्या पोटात चांगले जंतू कशानं वाढतात याच्या मागावर होते, आणि १९५७ साली त्यांनी दाखवलं की लॅक्ट्युलोजनं ते जंतू वाढतात. पोट साफ होतं ही गोष्ट त्यातूनच पुढे आली. आंबवायचं काम जंतूंचं असल्यामुळे त्याला वेळ लागतो. पहिला परिणाम दिसायला एक ते दोन दिवस, कधी तीनसुद्धा. तोवर पोटात गुडगुड होते आणि गॅस सुटतो. बाळाला बाधलं असं म्हणून घरात कुणीतरी बाटली उचलून ठेवतं ते याच दिवसांत. गॅस झाला म्हणजे औषध आतड्यात पोचलंय, इतकंच समज. चार-सहा दिवसांत तो कमी होतो.

आता तुला वाटेल, मुळात हे बद्धकोष्ठ आहे कशावरून? हा प्रश्न बरोबर आहे, कारण बऱ्याच बाळांना हे औषध लागतच नाही. तुझ्या जाऊबाईंचं तीन महिन्यांचं बाळ आठवतंय ना, आठ-आठ दिवस शी करायचं नाही आणि झाली की पिवळी, पातळ, मऊ? ते फक्त अंगावर पीत होतं. अशा बाळाला सात-आठ दिवस शी झाली नाही, पण ते नीट पितंय, लघवी भरपूर होतेय, पोट मऊ आहे आणि वजन वाढतंय, तर त्याला काही द्यायचं नसतं. दुसरा एक प्रकार असा की बाळ दहा-पंधरा मिनिटं लाल होऊन कण्हतं, रडतं, पाय मारतं, आणि मग शी होते ती मऊच. ते बद्धकोष्ठ नाही. पोटानं जोर लावायचा आणि खालची जागा मात्र सैल सोडायची, हे दोन्ही एकाच वेळी करायला ते शिकत असतं. नऊ महिन्यांच्या आत हे आपोआप सुटतं. अशा बाळाला कांडी लावली तर उलट नुकसान होतं, कारण कुणी खालून काही घातल्याशिवाय शी करायची नाही अशी त्याला सवय लागते.

तुझ्या पिल्लाचं तसं नाही. तू म्हणालीस, चार-चार दिवसांनी, बकरीच्या लेंड्यांसारखी कडक, करताना किंचाळतो, आणि एकदा वरून रक्ताची रेघ होती. हे खरं बद्धकोष्ठ आहे. रेघ शीच्या वरच्या बाजूला असते तेव्हा बहुधा कडक शीनं कडेला चीर पडलेली असते. चीर दुखते, म्हणून बाळ शी आवळून धरतं. धरलेली शी आत आणखी वाळते आणि पुढच्या वेळी आणखी दुखते. हे चक्र मोडण्यासाठीच औषध महिनोन्महिने द्यावं लागतं. चीर भरते आठवडा-दोन आठवड्यांत, पण दुखलं होतं ही धास्ती त्याहून कितीतरी उशिरा जाते.

सुरुवात कशी झाली तेही तूच सांगितलंस. सहा महिने झाले, पेज-वरण सुरू झालं, आणि त्याच आठवड्यात अंगावरचं कमी करून म्हशीचं दूध बाटलीनं दिलं, जोडीला चहात बुडवलेलं बिस्कीट. आपल्या अंबड, घनसावंगीकडच्या घरांत म्हैस दारातच असते, त्यामुळे हे कुणाला चुकीचं वाटत नाही. पण वर्षाच्या आत प्राण्याचं दूध हे बाळाचं मुख्य पिणं असू नये. पोट कडक होण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ते बंद कर, अंगावरचं पुन्हा वाढव. डब्याची पावडर द्यायचीच वेळ आली तर डब्यावर लिहिलंय तितकंच पाणी घाल. 'घट्ट दूध अंगी लागतं' म्हणून मोजमापाचा चमचा शीग लावून घेतला, की तिथूनही हाच त्रास सुरू होतो. खाण्यात पिकलेली पपई, शिजवून कुस्करलेली नाशपाती, डाळ-भाजीचं मऊ वरण, आणि जेवताना दोन-चार घोट उकळून गार केलेलं पाणी. मोसंबी आपल्या जिल्ह्याची शान आहे हे मान्य, पण वर्षाच्या आत वाटीभर रस गाळून पाजायची गरज नाही. चार फोडींचा गर कुस्करून चालेल. आणि एक लक्षात ठेव, खाणं सुधारायचंच, पण त्याच्या भरवशावर औषध मागे टाकायचं नाही. शी इतकी कडक झाल्यावर एकट्या पपईनं ती मऊ होत नाही.

आता मापाकडे येऊ, कारण तुझा खरा गोंधळ तिथे झालाय. तालुक्याच्या डॉक्टरांनी अडीच मिली लिहिलं आणि पाव्हण्यांच्या ओळखीतल्या जालन्याच्या डॉक्टरांनी साडेपाच सांगितलं, तेव्हा खरं कुणाचं?

दोघांचंही बरोबर आहे. हिशेब दोन रीतींनी होतो. एक रीत वयाची. इंग्लंडमधल्या बालऔषधांच्या सरकारमान्य पुस्तकात एक महिना ते अकरा महिने या वयाला अडीच मिली दिवसातून दोनदा, असं सुरुवातीचं माप आहे. बाळ वर्षाचं झालं की पाच वर्षांचं होईपर्यंत एका वेळी अडीच ते दहा मिली, दिवसातून दोनदा. दुसरी रीत वजनाची. किलोला दिवसाला एक ग्रॅम धरून सुरुवात करतात आणि गरजेप्रमाणे वाढवतात. आपल्याकडच्या बाटलीवर बहुधा '१५ मिलीमध्ये १० ग्रॅम' लिहिलेलं असतं, किंवा '५ मिलीमध्ये ३.३५ ग्रॅम'. दोन्ही एकच. म्हणजे एक ग्रॅमसाठी दीड मिली. तुझं पिल्लू आठ महिन्यांचं, साडेसात किलोचं. साडेसात किलोला साडेसात ग्रॅम, आणि साडेसातची दीडपट सव्वाअकरा मिली. ते दोन वेळांत वाटलं की साधारण साडेपाच मिली. तेच जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. वयाच्या रीतीनं दिवसाला पाच मिली होतात, वजनाच्या रीतीनं अकरा. पहिली रीत खालून चढते, दुसरी मधून सुरू होते. शेवटी दोघेही एकाच ठिकाणी पोचतात, कारण खरं माप कागदावर ठरत नाही, लंगोटात ठरतं. रोज किंवा दिवसाआड मऊ शी, न रडता, ज्या मापावर होते ते तुझ्या बाळाचं माप.

पण एकाच वेळी दोन डॉक्टरांचं ऐकू नकोस. तालुक्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलंय, वजन केलंय, त्यांचंच चालू ठेव. चार-पाच दिवसांत शी मऊ झाली नाही तर त्यांना फोन कर आणि वाढवू का म्हणून विचार. वाढवायला जागा आहे, हे तुला आता माहीत आहे.

महिन्याच्या आतल्या बाळाला मात्र यातलं काहीही, लॅक्ट्युलोज नाही आणि कांडीही नाही, घरच्या घरी द्यायचं नाही. तिथे माप सांगतच नाही मी. त्या वयातलं खरं बद्धकोष्ठ म्हणजे आत काहीतरी अडचण असू शकते, आणि ती डॉक्टरांनीच बघायची.

माप ठरलं तरी ते मोजायचं कशात? चहाचा चमचा आपल्या घरात तीन आकाराचा निघतो. बाटलीच्या टोपणावर पाच, दहा, पंधराच्या रेघा असतात, अडीचची नसतेच बऱ्याचदा, आणि अंदाजानं निम्मं ओतलं की कधी दोन, कधी चार. मेडिकलमधून पाच मिलीची सिरिंज आण, सुई काढून टाक. अडीचच्या रेघेपर्यंत ओढ आणि गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोड. घशात पिचकारी मारायची नाही, ठसका लागतो. पाण्यात किंवा दुधात मिसळून दिलं तरी चालतं, फक्त पूर्ण वाटीत मिसळू नकोस, वाटी अर्धी राहिली तर किती गेलं ते कळत नाही. औषध थोडं गडद झालं म्हणून घाबरू नकोस, साठवणीत त्याचा रंग गडद होतो. आपल्याकडे मे महिन्यात घर तापतं, तेव्हा चुलीपासून आणि पत्र्याच्या भिंतीपासून दूर, सगळ्यात गार कोपऱ्यात ठेव.

कांडीचं माप त्याच पुस्तकात असं आहे: एक महिना ते अकरा महिने, एक ग्रॅमची एक, एक ते अकरा वर्षं, दोन ग्रॅमची एक. तुझ्या पिल्लासाठी एक ग्रॅमची. गावातल्या मेडिकलमध्ये ती नसते आणि मग 'हीच लहान मुलांची' म्हणून दोन ग्रॅमची हातात ठेवतात. घेऊ नकोस, डॉक्टरांना विचार. निम्मी वापरा असं ते म्हणाले तर उभी काप, आडवी नाही, आणि कापलेल्या धारा ओल्या बोटानं गुळगुळीत करून घे.

पाकिटावरचं नाव दोनदा वाच. तापाच्या पॅरासिटामॉलच्या कांड्या तशाच दिसतात. बिसाकोडिलच्याही मिळतात, त्या आतड्याला जोरानं ढवळतात. तुझ्या बाळाला त्या नाहीत. फॉस्फेटचा एनिमा दोन वर्षांच्या आतल्या लेकराला जिवावर बेतू शकतो, त्यानं रक्तातले क्षार बिघडतात. आणि मोठ्यांसाठी घरात असतं ते दुधासारखं पांढरं, लिक्विड पॅराफीनचं औषध: बाळाला ठसका लागून ते फुप्फुसात गेलं तर तिथे तेलाचा न्यूमोनिया होतो. आजी एरंडेल पाजायचं म्हणतील, तिथेही ठसक्याची हीच भीती. आणि विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी खालून घालायची रीत आपल्या घरात अजून आहे, हे मला माहीत आहे. देठानं आत खरचटतं आणि साबणानं आतली नाजूक कातडी भाजल्यासारखी होते. सासूबाईंना 'चूक आहे' म्हणू नकोस, 'डॉक्टरांनी हीच कांडी दिलीय, देठाऐवजी' असं म्हण. त्यांनाही बाळाची शीच व्हायला हवीय.

कांडी घालायची कशी ते आज रात्रीच लागेल, म्हणून सांगते. हात धू. चांदीची किंवा प्लॅस्टिकची वेष्टणं पूर्ण काढ. हसू नकोस, वेष्टणासकट घातलेली मी बघितलीय. कांडी मऊ झाली असेल तर वेष्टण काढायच्या आधी थोडा वेळ गार पाण्यात धर, फ्रिज असेल तर तिथेच ठेवत जा, पण डबी घट्ट बंद हवी, ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं. बाळाला डाव्या कुशीवर घे किंवा पाठीवर झोपवून गुडघे पोटाशी धर. कांडी साध्या पाण्यात बुडव, व्हॅसलीन नको. निमुळतं टोक पुढे करून हळूच आत सरकव, पूर्ण आत गेली की थांब, आणखी खोल ढकलायची नाही. मग दोन-तीन मिनिटं दोन्ही कुल्ले हलकेच एकमेकांना दाबून धर, नाहीतर ती तशीच बाहेर येते. पंधरा मिनिटं ते तासाभरात शी होते. कांडी पूर्ण विरघळली नाही आणि शीबरोबर बाहेर आली तरी काम झालेलं असतं.

शी झालीच नाही तर? दुसरी घालू नकोस. एका दिवसात एकच. पोट मऊ असेल, बाळ पीत-खेळत असेल तर सकाळी डॉक्टरांना सांग. आणि कांडी रोजची करायची नाही. पहिल्या आठवड्यात एक-दोनदा लागली तर लागली. दोन आठवडे उलटूनही तीच लागतेय, तर लॅक्ट्युलोजचं माप कमी पडतंय असा त्याचा अर्थ. तेव्हा डॉक्टरांशी बोलून ते वाढवायचं, कांड्यांची डबी वाढवायची नाही. चिरेतून ताजं रक्त येत असेल त्या दिवशी विचारल्याशिवाय घालू नकोस.

आता पुढचे दिवस तुझे कसे जातील ते सांगते, म्हणजे तिसऱ्या दिवशी धीर सुटणार नाही. आज रात्री कांडी, त्यानं आत अडकलेली कडक शी जाईल. किंचाळेल, पण मग शांत झोपेल. उद्यापासून लॅक्ट्युलोज अडीच-अडीच. उद्या, परवा काही नाही, फक्त गॅस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शी होईल, आधी टोक कडक आणि मागून मऊ. हे टोक म्हणजे औषधाच्या आधीची शी, तिचं वाईट वाटून घेऊ नकोस. आठवड्याच्या शेवटी अजून लेंड्याच दिसल्या तर डॉक्टर बहुधा तीन-चार मिलीवर नेतील. आणि एखाद्या दिवशी उलट होईल, दिवसातून चार-पाच वेळा पाण्यासारखी. मग औषध जास्त झालंय. त्या दिवसाच्या मात्रा थांबव, अंगावर पाजत राहा, लघवी होतेय का बघ, आणि शी आवरली की डॉक्टरांना विचारून आधीच्या, कमी मापावर ये. उलट्या-जुलाबाचा आजार असेल तेव्हाही लॅक्ट्युलोज बंदच ठेवायचं, तो बरा झाल्यावर पुन्हा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहीत जा: शी कधी, कशी, किती मिली दिलं. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर 'कधी होते, कधी नाही' असं म्हणण्यापेक्षा ते पान फाडून ने.

सहा महिन्यांनंतर आशाताई लोहाचं औषध देतात, आठवड्यातून दोनदा एक मिली. त्यानं शी काळपट होते. ती काळी शी आणि रक्ताची काळी शी यात गोंधळू नकोस. लोह मनानं बंदही करू नकोस, फक्त डॉक्टरांना सांग.

आणि आता सगळ्यात जास्त चुकतं ते, थांबवायचं कधी. शी मऊ झाली त्या दिवशी नाही. मऊ शी ही औषधामुळेच आहे, ते काढलं की आठ दिवसांत पुन्हा लेंड्या, पुन्हा चीर, पुन्हा धास्ती. मोठमोठ्या बालरोग संघटनांची शिफारस अशी की निदान दोन महिने औषध चालू ठेवावं, आणि कमी करायला सुरुवात करण्याआधी निदान एक महिना कोणताही त्रास नसावा. त्रास नाही याचा अर्थ आठवड्यातून तीन-चार तरी मऊ शी, न रडता, रक्ताशिवाय, आणि मधे कांडी न लागता. एखाद्या बाळाचा त्रास दुधात बदल झाल्यामुळे चार दिवसांपूर्वीच सुरू झालेला असतो, त्याला डॉक्टर दोन-तीन आठवड्यांतच थांबवतील. तुझं पिल्लू दीड महिन्यापासून कुंथतंय आणि चीर पडलीय, म्हणून तुझ्यासाठी दोन महिन्यांचाच हिशेब धर, त्याहूनही लांबू शकतो.

सवय लागते, आतडं आळशी होतं, ही भीती सासूबाईंना आहे आणि खरं म्हणजे तुलाही आहे. लॅक्ट्युलोज रक्तात जवळजवळ जात नाही आणि आतड्याच्या नसांना चाबूक मारत नाही, फक्त पाणी धरून ठेवतं. ताणून मोठं झालेलं आतडं मात्र खरंच आळशी होतं, आणि ते होतं शी आत साचून राहिल्यानं. आपल्या देशातल्या लहान मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांनी २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनातही वर्षाच्या आतल्या बाळाला पहिली पसंती लॅक्ट्युलोजच्याच जातीच्या औषधांना आहे. वर्ष झालं की मग पाण्यात विरघळवून द्यायची पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर पहिली. म्हणजे पिल्लाचा वाढदिवस होऊन गेल्यावरही औषध लागत राहिलं, तर डॉक्टर बदलून देतील. त्यात आजार बळावला असं काही नाही.

एक अपवाद. गॅलॅक्टोसेमिया नावाचा जन्माचा दुर्मिळ दोष असेल तर लॅक्ट्युलोज द्यायचं नाही, त्यात थोडी गॅलॅक्टोज साखर असते. अशी बाळं जन्मल्यावर पहिल्याच दिवसांत दुधानंच गंभीर आजारी पडतात, तुझं आठ महिने दूध पचवतंय.

आता जे औषधानं झाकायचं नाही ते ऐक. हिरवी उलटी झाली, किंवा पोट फुगून ढोलासारखं टणक झालं, तर कांडी नाही, लॅक्ट्युलोज नाही, थेट दवाखाना. पाय पोटाशी घेऊन मधून मधून जीव खाऊन रडतंय, मधल्या वेळात गळून पडतंय, आणि लाल जेलीसारखी शी झाली, तर आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. पाच ते नऊ महिन्यांच्या बाळांत हे जास्त दिसतं, आणि तिथे तास मोजायचे असतात. जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवस झालीच नव्हती, असं ज्या बाळाचं आहे त्याची शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडून तपासणी हवी, कारण खालच्या आतड्यात जन्मतः नसाच नसण्याचा आजार असतो. तुझ्या पिल्लाची पहिल्याच दिवशी झाली होती, मी तिथेच होते. शी नेहमी रिबिनीसारखी बारीक, कमरेखाली खळगा किंवा केसांचा झुपका, पाय ढिले, वजन थांबलेलं, आवाज घोगरा आणि बाळ सुस्त, यातलं काहीही दिसलं तर मला आधी फोन करू नकोस, डॉक्टरांना कर. मधाचंही इथेच सांगते: गुटीतून, बोटावरून, कुठूनही वर्षाच्या आत मध नाही. मधातल्या जंतूंनी होणाऱ्या लकव्याची पहिली खूण बहुतेकदा बद्धकोष्ठच असते, मग दूध ओढायची ताकद जाते आणि बाळ मान टाकतं.

रात्रीबेरात्री न्यायची वेळ आली तर १०८ ला फोन. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि १०२ ची गाडी दोन्ही मोफत आहेत, पैसे नाहीत म्हणून थांबायचं नाही. जालन्यात गांधी चमनचं स्त्री रुग्णालय आहे, आणि शस्त्रक्रियेचं काही निघालं तर तिथून घाटीलाच पाठवतील, संभाजीनगरला. पिल्लाचं कार्ड आणि ते कॅलेंडरचं पान पिशवीत असू दे.

सगळं ठीक चाललं तर दोन महिन्यांनी डॉक्टर उतरवायला सांगतील. साधारण असं असतं: संध्याकाळची मात्रा काढायची, सकाळची अडीच तशीच, दोन आठवडे. शी मऊच राहिली तर दिवसाआड अडीच, आणखी दोन आठवडे. मग बंद. मधे कुठेही कडक झाली, कुंथायला लागला, तर एक पायरी मागे यायचं आणि तिथे दोन आठवडे जास्त थांबायचं, पहिल्यापासून सुरू करायचं नाही. ही उतरण लग्नसराईत किंवा गावाला जायच्या आठवड्यात सुरू करू नकोस. पाणी बदलतं, खाणं बदलतं, आणि कशानं कडक झाली ते कळत नाही. बंद केल्यावरही महिनाभर कॅलेंडरवर लिहीत राहा. उरलेल्या कांड्या तुझ्या मोठ्या लेकीच्या हाती लागणार नाहीत अशा ठेव, तिला त्या गोळ्या-बिळ्या वाटतील.